एक ठोसा, दोन वाटा: अदखलपात्र आणि दखलपात्र

करवीर तालुक्यात बांधावरून दोन भाऊबंदांत हातघाई होते आणि एकाच्या मनगटावर बुक्की बसते, असे समजू. केवळ सूज असेल, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खालची साधी दुखापत, म्हणजे अदखलपात्र गुन्हा ठरते. ठाणे अंमलदार नोंदवहीत नोंद करतो, तिची प्रत देतो आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतो. त्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. ‘पोलिसांनी काहीच केले नाही’ हा राग बहुधा इथेच उगम पावतो, पण कायद्याने त्यांचे हात खरोखरच बांधलेले असतात.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे दिसले, तर तीच मारहाण कलम 117(2) खालची गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा होते. आता एफआयआर नोंदवून पोलीस स्वतःहून पंचनामा करू शकतात आणि साक्षीदार तपासू शकतात. अटकेचा अधिकार असला, तरी शिक्षेची कमाल मर्यादा 7 वर्षे असल्याने अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, अन्यथा हजर राहण्याची नोटीस पुरते. शिवाय हा गुन्हा जामीनपात्रच आहे. म्हणून वैद्यकीय अहवाल हाती येताच तो ठाण्यात द्यावा.