बर्मी भाषेतलं इव्हॅक्युएशन शीट आणि लेबलं, आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

आमचा मासळी प्रोसेसिंगचा प्लांट रत्नागिरीत आहे आणि मालकांचा दुसरा प्लांट थायलंडमध्ये महाचाईला. महाचाई म्हणजे समुत साखोन, तिकडच्या मासळीच्या कारखान्यांत म्यानमारहून आलेली माणसं खूप आहेत, आमच्या प्लांटवर तर जवळजवळ सगळीच. दोन्हीकडचं सेफ्टीचं काम मी बघते, म्हणून गेल्या पावसाळ्यात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत इथे हाताला जरा सवड होती तेव्हा तिकडची इव्हॅक्युएशन प्रोसिजर बर्मीत करून घेतली. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1916 साली वारला तो इथेच, रत्नागिरीत, आणि त्याच्या पॅलेसपासून पाच मिनिटांवर राहून मला बर्मीतलं एक अक्षर येत नव्हतं. आता थोडी ओळख झालीय.

पहिलं भाषांतर यांगूनच्या एका अनुभवी बाईंकडून घेतलं. भाषा शुद्ध, चूक काही नाही, पण ते चाललं नाही. आमच्या मूळ मजकुरात एकच लांबलचक वाक्य होतं, अलार्म ऐकल्यावर सर्वांनी काम थांबवून मशीन बंद करून लिफ्ट न वापरता जवळच्या दारातून बाहेर पडून असेंब्ली पॉइंटला जमावं, असं. बर्मीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि आपण जसं करून, पडून, जाऊन जोडत जातो तसं तेही जोडता येतं, त्यामुळे बाईंनी ते एका दमात नीट बसवलं. फक्त वाचणाऱ्याला काय करायचंय ते पार शेवटी कळतं. त्यात कामगारांपैकी बरेच मोन आणि करेन जमातींचे, बर्मी ही त्यांची घरची भाषा नाही, काहीजण शाळेत दोन-तीन वर्षंच गेलेले.

मग मी ते तोडलं. भोंगा वाजला. काम थांबवा. मशीन बंद करा. हिरव्या चित्राकडे जा. लिफ्ट वापरू नका. चित्र क्रमांक 4 च्या जागी उभे राहा. एका वाक्यात एकच क्रिया, आणि प्रत्येक वाक्यापुढे तेच चित्र जे भिंतीवर आहे. चित्रं आयएसओ 7010 या सेफ्टी चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधली, म्हणजे हिरवी पळणारी आकृती, हिरव्यातच चार बाण आत आलेले असेंब्ली पॉइंटचं, लाल चौकोनात आगीच्या ज्वाळेशेजारी बटण दाबणारा हात. आज्ञेच्या शेवटी त्यांचा 'पा' हा आदराचा प्रत्यय मात्र ठेवला. मी आधी शब्द वाचवायला तो काढायला सांगितला होता, तिथली लाइन लीडर म्हणाली की तसं वाचलं तर कोणीतरी अंगावर ओरडतंय असं वाटतं. आपल्याकडे 'पडा' ऐवजी 'पड' लिहिल्यासारखं.

आता सगळ्यात मोठी चूक सांगते, कारण ती कागदावर कोणालाच दिसली नव्हती. अलार्मच्या लाल डबीवर आम्ही 'मी खलो' असं लेबल लावलं होतं. बर्मीत 'मी' म्हणजे आग आणि 'खलो' म्हणजे बटण किंवा स्विच, शब्दाला शब्द लावला तर बरोबर. पहिल्या ड्रिलला फिलेटिंगच्या टेबलावरच्या एका नव्या मुलीला सांगितलं, शीटमधलं 'मी खलो' दाबायचं वाक्य वाच आणि तसं कर. तिने ओले हातमोजे काढले, ओळ बोट ठेवून वाचली, सरळ दाराशेजारच्या बोर्डापाशी गेली आणि हॉलचे दिवे बंद केले. अंधारात सगळे गप्प. लाल डबी तिच्यापासून चार पावलांवर होती.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. 'मी' म्हणजे आग तसाच विजेचा दिवाही, लाइट गेली तरी ते हाच शब्द वापरतात, आणि 'मी खलो' म्हणजे रोजच्या बोलण्यात लाइटचं बटण. भाषांतर करणाऱ्या बाईंना मी नुसती शब्दांची यादी पाठवली होती, चित्र आणि डबीचा फोटो पाठवलाच नव्हता, तो दोष माझा. आता तिथे 'मी अछेपे खलो' आहे, म्हणजे आगीचा इशारा देणारं बटण, आणि शीटमध्येही अक्षर न अक्षर तेच. दुसऱ्या ड्रिलला तेच वाक्य तीन नव्या लोकांना दिलं, तिघंही डबीकडे गेले.

तसाच प्रकार लिफ्टचा. जिना म्हणजे 'ल्हेगा', लिफ्ट म्हणजे 'दाल्हेगा', विजेचा जिना. दोन्ही शब्द एकाच बोर्डावर असले की घाईत माणूस फक्त ल्हेगा वाचतो. त्यात बर्मीत शब्दांमध्ये आपल्यासारख्या मोकळ्या जागा नसतात, आणि नकाराचा 'मा' क्रियापदाच्या आधी चिकटतो. आमच्या बोर्ड छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने ओळ मनाला येईल तिथे तोडली, 'मा' वरच्या ओळीत एकटा राहिला आणि खालच्या ओळीत उरलं 'वापरा'. आता लिफ्टच्या दारावर फक्त लिफ्टचं, तिरप्या रेघेचं लाल गोल चित्र आणि एका ओळीत बसणारं लेबल. जिन्याचा बोर्ड जिन्यापाशी, लिफ्टजवळ जिन्याचा उल्लेखच नाही. ओळ तोडायची वेळ आलीच तर कुठे तोडायची ते बर्मी वाचणाऱ्या माणसाने सांगायचं, डिझायनरने नाही.

फॉन्टचा त्रास एकदाच झाला. जुन्या कॉम्प्युटरवर झॉजी हा जुन्या पद्धतीचा बर्मी फॉन्ट होता आणि आमची फाइल युनिकोडची, त्यामुळे मात्रा भलत्याच अक्षरांना लागल्या आणि मध्येच ठिपक्यांची वर्तुळं दिसायला लागली. अशी वर्तुळं दिसली की छपाई थांबवायची. आता अक्षरांची आऊटलाइन करून पीडीएफ पाठवते, आणि छापायच्या आधी लाइन लीडर मला फोनवर फोटो टाकते.

शब्द एकच ठेवणं हे मला आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलं. सुरुवातीला शीटमध्ये असेंब्ली पॉइंटला 'एकत्र जमण्याची जागा' असं लांब नाव होतं आणि बोर्डावर त्याच अर्थाचा छोटा बर्मी शब्द, 'सुया'. दोन्ही बरोबर, पण दोन जागा असतील असं समजून काहीजण गेटपाशी जाऊन विचारत बसले. आता सगळीकडे 'सुया'. तपासायची माझी पद्धत सोपी आहे, भिंतीवरची चित्रं कार्डांवर छापायची, शीटमधलं एक वाक्य वाचायला द्यायचं आणि म्हणायचं, कार्ड उचल आणि त्या जागेवर चालत जा. तोंडी 'समजलं' याला मी किंमत देत नाही, साहेबांसमोर सगळे हो म्हणतात.

एक गोष्ट अजून बसलेली नाही, ती अमोनियाची. कोल्ड स्टोरेजचा गॅस सुटला तर वारा जिकडे चाललाय तिकडे जायचं नाही, आधी वाऱ्याला आडवं निघायचं, म्हणजे आगीच्या वेळचा असेंब्ली पॉइंट कधी कधी नेमका चुकीच्या बाजूला येतो. यात 'जर' आणि 'तर' आलं की छोटं वाक्य छोटं राहत नाही, आणि आयएसओच्या चित्रांत मला वाऱ्याचं काही मिळालं नाही. सध्या दोन वेगळे भोंगे, दोन वेगळ्या शीट, दुसऱ्या शीटवर आम्ही काढलेलं विंडसॉकचं, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचं चित्र आणि 'सुया 1', 'सुया 2' असे आकडे केलेत. गेल्या महिन्यात वारा फिरवून बघितला, म्हणजे लाइन लीडरने हातात कापडी झेंडा धरून दिशा दाखवली, तर निम्मे लोक सवयीने 'सुया 1' लाच गेले. पुढच्या खेपेला मी स्वतः जाणार आहे, तेव्हा आकडे काढून दोन जागांना दोन रंग देऊन बघणार, फक्त हिरवा सोडून, कारण हिरवं म्हणजे बाहेर जायचा रस्ता हे त्यांच्या आता डोक्यात पक्कं बसलंय.