कंबरेचं इलॅस्टिक पिळतंय? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत आईसाठी सुती कापडाची पलाझो शिवली. आता आठ महिने झाले. नेफा दोनदा उसवला आणि तिसऱ्यांदा जमला. इलॅस्टिकच्या नेफ्यावर कोणी नीट बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा घरात होतं तेच घातलं. अर्धा इंच रुंदीचं, वेणीसारखं गुंफलेलं इलॅस्टिक, आणि नेफा मात्र सवयीने एक इंचाचा, नाडीला करतो तसा. आई रोज सकाळी अंबाबाईला चालत जाते, घरी आल्यावर भाकरी थापायला खाली बसते. चौथ्या दिवशी म्हणाली, "अगं, कंबरेला दोरीच झालीय." बघितलं तर इलॅस्टिक नेफ्यात पीळ घालून बसलं होतं आणि कातडीवर लाल वळ उठला होता.

चूक दुहेरी होती. गुंफलेलं इलॅस्टिक ताणलं की अरुंद होतं. अर्धा इंचाचं, म्हणजे चार सुतांचं, घालताना तीन सुतांवर येतं, आणि एक इंचाच्या नेफ्यात त्याला कूस बदलायला भरपूर जागा मिळते. माणूस वाकला, बसला की ते तिथल्या तिथे उलटतं. दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. वीतभर तुकडा दोन्ही हातांनी ताणा. रुंदी कमी झाली तर ते नेफ्यात मोकळं घालायचं नाही. ज्यात आडव्या कडक रेघा असतात आणि ताणल्यावर रुंदी तशीच राहते, ते नॉन-रोल म्हणून मिळतं. महाद्वार रोडला मी दुकानातच ताणून बघितलं आणि एक इंची घेतलं.

दुसऱ्यांदा इलॅस्टिक बरोबर होतं, पण नेफा घट्ट झाला. आत जेमतेम एक इंच जागा. सेफ्टी पिन बाजूच्या शिवणीच्या दुमडीत अडकायची, चुण्या एका बाजूला गोळा व्हायच्या आणि इलॅस्टिकची कड वर मुडपायची. तेव्हा कळलं की नेफ्याची आतली जागा इलॅस्टिकपेक्षा एक सूत जास्त हवी. त्याहून मोकळी ठेवली तर पीळ, त्याहून घट्ट केली तर मुडप.

तिसऱ्यांदा असं केलं. कडेची २ सूत आत दुमडली, मग १ इंच ३ सुतांची घडी घातली. वरच्या घडीपासून १ सुतावर एक टीप आणि खालच्या कडेपासून १ सुतावर दुसरी. मधे उरतात बरोबर ९ सूत, म्हणजे १ इंच १ सूत. वरची टीप सोडू नका. तिने नेफ्याचा माथा सरळ राहतो. त्याआधी बाजूच्या शिवणींची दुमड नेफ्याच्या जागेत दोन टाक्यांनी चापून ठेवा, म्हणजे पिन अडकत नाही.

आईची कंबर ३४ इंच. इलॅस्टिक ३१ इंच अधिक जोडाला १ इंच, असं ३२ कापलं. एका बाजूला पेनने उभी रेघ ओढली आणि खालच्या टिपेत सोडलेल्या दोन इंचाच्या उघड्या जागेतून ओवलं. दोन्ही टोकं बाहेर काढल्यावर रेघ एकाच बाजूला दिसली, तरच आत पीळ नाही. टोकं एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारली. कापडाची शिवण घालतो तशी उभी धरून शिवली तर तिथे गाठ येते.

आता खरी गोष्ट. कंबर चार-पाच वेळा पूर्ण ताणून सोडली, चुण्या सारख्या केल्या, आणि दोन्ही बाजूच्या शिवणींवर व पुढे-मागे मध्यावर नेफ्याच्या रुंदीएवढी उभी टीप मारली, इलॅस्टिकसकट. सुई १४ नंबरची. या चार टिपांमुळे धुतल्यावरही इलॅस्टिक जागचं हलत नाही. गुंफलेल्या इलॅस्टिकला मात्र अशा टिपा नकोत, सुईने त्यातलं रबर तुटतं.

तेव्हापासून पलाझो आठवड्यातून दोनदा वॉशिंग मशीनला लागते. पीळ एकदाही नाही. इलॅस्टिकची लांबी अर्धा इंच वाढलीय, आईला तेवढं चालतं. नेफ्यावर कडक इस्त्री फिरवायची नाही एवढं पथ्य पाळतो, कारण रबर उष्णतेने मरतं.

हा हिशेब सगळ्यांना लागू पडेल असं नाही. माझ्या स्वतःच्या स्कर्टला मी दीड इंची नॉन-रोल घातलं. उभी असताना छान, पण माझी बरगडी ते कंबर जागा कमी आहे. शिलाई मशीनवर बसले की पोट वरच्या कडेला बाहेर ढकलतं आणि ती कड टोचते. नेफा बरोबर होता, रुंदीच मला जास्त झाली. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या जाड पट्टीचा ओलावा दोन-दोन दिवस जात नाही, वास येतो. मी ते काढून एक इंची घातलं. दुकानात पट्टी कंबरेला गुंडाळून एकदा खाली बसून बघा. उभ्याने घेतलेलं माप इथे उपयोगी पडत नाही.