सकाळी आखडणारे सांधे: झीज की आमवात?

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या आईचे गुडघे सकाळी आखडतात, पण पंधरा-वीस मिनिटांत मोकळे होतात आणि दुखणे वाढते ते जिना चढल्यावर, ही झीज. अडतीस वर्षांच्या वहिनींना मात्र तासाहून अधिक वेळ मूठ वळता येत नाही, आणि हालचालीने त्यांना उलट आराम पडतो. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मऊसर सुजलेले आहेत. झिजेत बहुधा नखाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी येतात. घड्याळापेक्षा मला ही सूजच अधिक निर्णायक वाटते. वहिनींची आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तरी तेवढ्यावरून आमवात नाकारता येत नाही. त्यांनी संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे, कारण सूजेने कुरतडलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.