पुस्तक किती दिवसांत संपेल? भागाकार, आठवड्याचा हिशेब की ओळी मोजणं

वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक हातात घेतलं की मनात पहिला प्रश्न येतो, पंधरा दिवसांत होईल का? नाही झालं तर मुदत वाढवायला एक चक्कर, किंवा दंड. मी तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान बघते, २४ ने भागते आणि ठरवते. २४ कारण चर्चगेटहून बोरिवलीच्या स्लो गाडीत संध्याकाळी बसायला मिळतं आणि तेवढ्यात माझी साधारण २४ पानं होतात. सकाळच्या गर्दीत पुस्तक उघडायचा प्रश्नच नाही. संध्याकाळीसुद्धा अंधेरी आली की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून "कुठे उतरणार?" विचारतं आणि वाक्य अर्धवट राहतं. ते सगळं धरून २४.

हा भागाकार बरीच वर्षं चालला, कारण तो अधूनमधून बरोबर यायचा. तो बरोबर का येतो हे कळल्यावर मात्र माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

एक जाड कादंबरी घेतली होती, शेवटचं पान ४३२. ४३२ भागिले २४, बरोबर १८ दिवस. सोमवारी सुरू केली आणि अठराव्या दिवशी संपली. वा! पण नंतर हिशेब मांडून बघितला तर दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या. पहिली चूक पानांची. मजकूर सुरू होत होता १७ व्या पानावर आणि संपत होता ४०४ वर. पुढे परिशिष्ट, प्रकाशकाची यादी, कोरी पानं. म्हणजे वाचायची पानं ४०४ वजा १७, अधिक १, अशी ३८८. (ते अधिक १ विसरू नका, पहिलं पानही वाचायचंच असतं.) दुसरी चूक दिवसांची. शनिवारी मला सुट्टी. घरची कामं, पाहुणे, वाचन शून्य. रविवारी दुपारी मात्र ३० पानं होतात. म्हणजे ४४ पानं जास्त धरली होती आणि शनिवारचं शून्य धरलंच नव्हतं. एक चूक उत्तर वाढवत होती, दुसरी कमी करत होती.

आता दुसरी पद्धत, आठवड्याचा हिशेब. त्यात रोजचा वेग सोडून द्यायचा आणि सोमवार ते रविवार मिळून किती पानं होतात ते बघायचं. माझं उत्तर पाच दिवस २४ म्हणजे १२०, शनिवार शून्य, रविवार ३०, एकूण १५०. मग ३८८ पानांना दोन आठवड्यांत ३००, उरली ८८. सोमवार, मंगळवार, बुधवार मिळून ७२, उरली १६, ती गुरुवारी. दिवस अठरावा. भागाकाराचंच उत्तर, पण या वेळी योगायोगाने नाही. वर एक गोष्ट कळते जी भागाकार कधीच सांगत नाही: तेच पुस्तक गुरुवारी सुरू केलं तर एकोणीस दिवस लागतात, कारण शनिवार लवकर येतो आणि शेवट सोमवारवर सरकतो.

"पण सरासरीच काढली की झालं," असं माझी मैत्रीण म्हणते. खरं आहे, १५० भागिले ७ म्हणजे साधारण २१.४, आणि ३८८ ला त्याने भागलं की १८.१ येतं. दशांशाला खाली ढकलायचं नाही, उरलेल्या दोन पानांसाठीही एक दिवस लागतोच, म्हणून १९. एका दिवसाचा फरक, चालण्यासारखा. अट एवढीच की सरासरीत शून्याचे दिवसही मोजायचे. घोळ होतो तो इथेच. लोक वेग सांगतात वाचलेल्या दिवसांचा आणि उत्तर समजतात कॅलेंडरच्या दिवसांचं. "रोज २४ पानं" याचा अर्थ बहुतेक वेळा "ज्या दिवशी वाचते त्या दिवशी २४" असा असतो.

तिसरी पद्धत मला एका बारीकशा पुस्तकाने शिकवली. वाचायची पानं फक्त २४०. आठवड्याच्या हिशेबाने पहिल्या रविवारपर्यंत १५०, मग सोमवार ते गुरुवार ९६, म्हणजे अकरा दिवस. निवांत घेऊन आले. लागले सतरा.

पुस्तक कंटाळवाणं नव्हतं. फक्त छपाई दाट होती. शेवटी एका पानावरच्या ओळी मोजल्या: ३२, आणि ओळीत सरासरी ११ शब्द. म्हणजे पानाला ३५२. ज्या कादंबऱ्यांवर माझा २४ चा आकडा बेतला होता त्यात २६ ओळी, ओळीत ९ शब्द, पानाला २३४. दाट पान दीडपट. गाडीचा वेळ तेवढाच, म्हणून २४ ची १६ पानं झाली आणि रविवारची ३० ची २०. आठवड्याला १५० ऐवजी १००. दोन आठवड्यांत २००, मग सोमवार १६, मंगळवार १६, बुधवारी उरलेली ८. दिवस सतरावा, आकडा चोख बसला.

मोजायला तीन मिनिटं लागतात. मधलं, भरलेलं पान घ्यायचं, प्रकरणाची सुरुवात किंवा संवादांनी मोकळं झालेलं नको. ओळी मोजायच्या, चार-पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढायची, गुणायचं, आणि आपल्या नेहमीच्या पुस्तकाशी तुलना करायची. कवितासंग्रह किंवा कोष्टकांनी भरलेल्या पुस्तकाला ही पद्धत लागू पडत नाही. तिथे वेग शब्दांवर ठरतच नाही.

मग कुठली निवडायची? पुस्तक स्वतःच्या मालकीचं असेल आणि नुसती उत्सुकता असेल तर भागाकार पुरे, फक्त शेवटच्या पानाच्या आकड्यातून पुढची-मागची पानं वजा करा आणि वेग शून्याच्या दिवसांसकट धरा. मुदत असेल तर आठवड्याचा हिशेब, त्यात माझ्यासाठी दुसरी निवड नाही. ओळी मोजायची पद्धत मी दर वेळी वापरत नाही. अक्षर बारीक दिसलं किंवा आकार वेगळा वाटला तरच. जाडी बघून मात्र कधीच ठरवू नका. माझं जाड पुस्तक आणि बारीक पुस्तक यांच्यात वाचायची १४८ पानं कमी-जास्त होती आणि फरक पडला एकाच दिवसाचा.

आणि पहिल्या दिवसाच्या वेगावर काही बेतू नका. पात्रांची नावं, नाती, गाव लक्षात राहीपर्यंत वेग कमीच असतो. त्यापेक्षा पहिल्या रविवारी रात्री कितवं पान आलं ते बघा. त्या दाट पुस्तकात माझी तेव्हा १०० झाली होती, उरली १४०. पंधराव्या दिवसापर्यंत आठ दिवस हातात, त्यात एक पूर्ण आठवडा १०० आणि वर एक सोमवार १६, म्हणजे ११६. चोवीस पानं कमी पडणार हे त्याच रात्री कळलं असतं, आणि मुदत वाढवायला मंगळवारी जाता जाता उतरले असते. मी बघितलंच नाही. दोन दिवसांचा दंड भरला.