HowTo मार्कअप कुठे तपासावे?

सायकलचे पंक्चर काढण्याच्या लेखाला `HowTo` मार्कअप, म्हणजे लेखातील पायऱ्या सर्च इंजिनला समजावणारा कोड, जोडल्यावर ते गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये तपासावे की स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटरमध्ये, असा प्रश्न एका मित्राला पडला होता. दोन्ही साधने मोफत आहेत आणि दोन्हींत पत्ता किंवा कोड देता येतो. फरक आहे तो काय तपासले जाते यात. सप्टेंबर 2023 मध्ये गुगलने हाउ-टूचे विशेष निकाल पूर्णपणे बंद केल्यामुळे पहिले साधन अचूक मार्कअपचीही दखल घेत नाही. व्हॅलिडेटर मात्र लागणारी अवजारे सांगणाऱ्या `tool` या गुणधर्माऐवजी चुकून लिहिलेले `tools` लगेच दाखवतो. लेखातील पायऱ्या मार्कअपशी जुळतात का, हे मात्र दोन्हींना कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. रचना बिनचूक हवी असल्यास व्हॅलिडेटर वापरावा. `Recipe`सारख्या, गुगल अजूनही दाखवत असलेल्या प्रकारांसाठी रिच रिझल्ट्स टेस्ट.