लेखी युक्तिवादांचा तक्ता: पक्षनिहाय की मुद्दानिहाय?

दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद समोर आहेत, प्रत्येकी वीस-पंचवीस पानं, मागे रूलिंगचा गठ्ठा, आणि सीनियरला सगळं एका तक्त्यात हवंय. मग पहिला प्रश्न हाच येतो की डावीकडे वादीचं सगळं क्रमाने आणि उजवीकडे प्रतिवादीचं सगळं क्रमाने, असं लावायचं (पक्षनिहाय), की आधी मुद्दे काढून एकेका मुद्द्यासमोर दोघांचं म्हणणं ठेवायचं (मुद्दानिहाय)?

पक्षनिहाय पटकन होतो, त्यात वाद नाही. परिच्छेद 1 पासून सुरू करा, एकेक म्हणणं आणि त्याखालचं सायटेशन उचला, झालं. काही सुटत नाही आणि आपलं डोकंही मध्ये येत नाही. पण तो समोरासमोर फक्त दिसतो, असतो असं नाही, कारण वादीच्या पाचव्या ओळीसमोर प्रतिवादीची जी पाचवी ओळ येते तिचा बऱ्याचदा वादीच्या म्हणण्याशी काडीचा संबंध नसतो.

एक साधी केस घेऊ. जमिनीचं साठेखत, उरलेली रक्कम सहा महिन्यांत द्यायची, खरेदीदाराने दोन वर्षांनी स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा लावलाय. वादी म्हणतो स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मुदत हा कराराचा गाभा नसतो, आधार चांद राणी वि. कमल राणी, (1993) 1 एससीसी 519, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. प्रतिवादी बरीच पानं सोडून, विलंबाच्या भागात, तेच चांद राणी लावतो! पक्षनिहाय तक्त्यात ही दोन नावं इतकी लांब पडतात की वाचणाऱ्याला कळतही नाही. मुद्दानिहाय केलं की असं दिसतं:

| मुद्दा | वादी | वादीचा आधार | प्रतिवादी | प्रतिवादीचा आधार |
|---|---|---|---|---|
| मुदत कराराचा गाभा होती का? | नव्हती, मिळकत स्थावर आहे (पॅरा 7) | चांद राणी: स्थावर मिळकतीत तसं गृहीत धरलं जात नाही | होती, नसली तरी वाजवी वेळेत पैसे द्यायला हवे होते (पॅरा 19) | चांद राणी: वाजवी वेळेचं तत्त्व, आणि त्या केसच्या फॅक्ट्सवर मुदत गाभाच ठरली, विद्यानदम, (1997) 3 एससीसी 1 |

आता भांडण कुठे आहे ते कळतं. कायद्याचं तत्त्व दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो फॅक्ट्स कुठल्या बाजूला झुकतात याचा. चांद राणीत 98,000 रुपये दहा दिवसांत द्यायची स्पष्ट अट होती म्हणून तिथे मुदत गाभा ठरली, आणि विद्यानदममध्ये तर सहा महिन्यांची मुदत असून खरेदीदार अडीच वर्षं गप्प बसला होता, जे आपल्या केसच्या चांगलंच जवळ जातं. म्हणजे वादीने विद्यानदमला काही उत्तर दिलंय का हे बघायचं, आणि नसेल तर त्याच्या रकान्यात सरळ ‘उत्तर नाही’ लिहायचं. रिकामा ठेवू नका, नाहीतर वादीला ते मान्य होतं, की त्याच्याकडे उत्तर नव्हतं, की तुमच्याकडून लिहायचं राहिलं, हे कोणालाच कळत नाही.

याच कारणासाठी आधाराच्या रकान्यात नुसतं नाव आणि सायटेशन टाकून भागत नाही, ते रूलिंग कशासाठी लावलंय ती अर्धी ओळ हवीच. एकामागोमाग सात-आठ नावं टाकून ‘यावरही भिस्त’ असं लिहिलेलं असेल तर ती खाली वेगळ्या यादीत टाका, उगाच एखाद्या मुद्द्याला चिकटवू नका.

मुद्दानिहायची खरी किंमत वेळेत नाही, मुद्दा कसा लिहिता त्यात आहे. ‘वादीने विलंब का केला?’ असं लिहिलंत की निम्मा निकाल तिथेच लागला. ‘विलंब झाला का, आणि झाला असल्यास परिणाम काय?’ असं लिहा, आणि कोर्टाने आधीच मुद्दे काढलेले असतील तर तेच शब्दशः वापरा. दुसरी अडचण, एकच परिच्छेद दोन मुद्द्यांत लागतो (विलंब आणि पैसे द्यायची तयारी हे तर कायम गुंतलेले), तेव्हा दोन्हीकडे टाका पण पॅरा नंबरसकट. शेवटी दोघांचेही सगळे पॅरा नंबर तक्त्यात कुठेतरी आहेत का हे टिक करत जा, जे नाहीत ते सुटलेत तरी किंवा खरंच निरर्थक आहेत.

माझं मत विचाराल तर एक-दोनच मुद्दे आणि छोटे युक्तिवाद असतील तर पक्षनिहायवर थांबा. तीन किंवा जास्त मुद्दे असतील किंवा एकच रूलिंग दोघांनी लावलेलं दिसलं तर आधी कच्चा पक्षनिहाय करा आणि त्यातल्या ओळी उचलून मुद्दानिहायमध्ये बसवा, थेट मुद्दानिहाय करायला गेलात की न बसणारं म्हणणं नकळत गळतं.

कुठलाही प्रकार घ्या, रूलिंग अजून उभं आहे का ते प्रत्येकासमोर तपासून लिहा. याच विषयात स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टची 2018 ची दुरुस्ती पुढील व्यवहारांनाच लागू असं सांगणारा कट्टा सुजाता रेड्डीचा 2022 चा निकाल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये रिव्ह्यूत मागे घेतला, आणि युक्तिवाद त्याआधी दाखल झालेला असेल तर तो त्यात बिनधास्त लावलेला सापडेल.