टोल टाळायचाय, पण ताम्हिणीत नेट नाही: गुगल मॅप्स की ऑरगॅनिक मॅप्स?

दोन्ही अ‍ॅप माझ्या फोनमध्ये आहेत. शहरात मी गुगल वापरतो, त्याबद्दल वाद नाही. ऑरगॅनिक मॅप्सला ट्रॅफिक कळत नाही, आणि दुकानाच्या नावाने शोधायला गेलं तर बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. प्रश्न आहे तो कोकणात उतरताना.

टोलचं आधी. गुगलमध्ये रस्ता काढल्यावर तीन ठिपक्यांतल्या पर्यायांत Avoid tolls मिळतं. ऑरगॅनिकमध्ये Settings मध्ये Routing options उघडलं की Avoid on every route खाली टोल रस्ते, कच्चे रस्ते, फेरी असे वेगवेगळे खटके दिसतात. त्यातला कच्च्या रस्त्यांचा खटका मला फार आवडतो, कारण टोल चुकवायला निघालेलं अ‍ॅप कुठल्याशा पाणंदीत नेऊन सोडेल ही भीती असतेच. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. टोल टाळणं म्हणजे फक्त एक्स्प्रेसवे टाळणं नव्हे, कारण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरही सोमाटणे आणि वरसोली इथे नाके आहेत.

माझा निर्णय झाला तो मात्र ऑफलाइन नकाशावरून. गुगलमध्ये Offline maps मध्ये जाऊन Select your own map दाबायचं आणि चौकट स्वतः आखायची. दिवेआगरला निघताना मी ती घाईत आखली. पुणे, मुळशी, ताम्हिणी आत आलं, माणगाव राहिलं बाहेर. घाट उतरून विळ्याला आलो तर रेंज गायब. फाट्यावर निजामपूरकडे वळायचं सोडून मी कोलाडच्या रस्त्याला लागलो. नवीन रस्ता आखायला नेट नव्हतं आणि पुढचा नकाशाही उतरवलेला नव्हता. शेवटी एका टपरीवाल्या काकांनी परत पाठवलं. चूक माझीच, पण ही चौकट दर वेळी नीट आखायची आणि मुदत संपण्याआधी ताजी करायची, ही कटकट मला नको आहे. वाय-फाय असेल तर शेवटच्या पंधरा दिवसांत गुगल ते काम स्वतःहून करू पाहतं, हे मान्य. शिवाय नेट नसताना गुगल गाडीचा रस्ता दाखवतं, पण पर्यायी रस्ते आणि चालण्याचा मार्ग देत नाही.

ऑरगॅनिकमध्ये आखाआखी नाही. प्रदेशाच्या नावावर बोट ठेवून नकाशा उतरवायचा. फाटा चुकला तरी गणित फोनमध्येच होतं, त्यामुळे नेट असो-नसो लगेच नवा रस्ता मिळतो. वेळेचा अंदाज मात्र ट्रॅफिक न बघता दिलेला असतो, म्हणून शनिवारी सकाळी मी त्यात मनाने अर्धा तास मिळवतो.

तुम्ही महामार्ग सोडून फारसे जात नसाल तर गुगल पुरेसं ठरावं. मी पौडपर्यंत गुगल लावतो आणि पुढे ऑरगॅनिक.